भीती की हाव? : १९०७ च्या एका टिपणाची गोष्ट
(अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा शब्दांकित मजकूर)



मागच्या बैठकीत पश्चिम आशियावर चर्चा झाली, तेव्हा एका तरुण साथीने प्रश्न विचारला होता. देश एवढी शस्त्रं का जमवतात, भीतीपोटी की हावेपोटी? त्या दिवशी वेळ संपला होता आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे नीट उत्तरही नव्हतं. आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात या एका प्रश्नावरून एकाच घराण्यातली दोन भावंडं गेली चाळीसेक वर्षं भांडताहेत. घराण्याचं नाव वास्तववाद. साहित्यातल्या वास्तववादाशी त्याचा संबंध नाही. देशांचा धर्म कोणता, त्यांची संस्कृती कोणती, नेता भला की बुरा, हे सगळं बाजूला ठेवून फक्त ताकद आणि भीती यांचा हिशेब मांडणारा हा विचार आहे.

आपल्या लोकांना हा विचार थोडा कोरडा वाटतो हे मला ठाऊक आहे. पण दोन देश भांडले की आपण लगेच शिया-सुन्नी, इस्लाम-पश्चिम, अशा खणांत तो विषय टाकतो. वास्तववादी माणूस म्हणेल, खण नंतर बघू, आधी नकाशा आणि फौजफाटा दाखवा. निदान सुरुवात तिथून करायला काय हरकत आहे?

या घराण्याचं मूळ गृहीतक साधं आहे. गावात भांडण झालं तर पोलीस चौकी आहे, कोर्ट आहे. देशांच्या वर कोणी नाही. संयुक्त राष्ट्रं आहेत, पण रात्री दोन वाजता घरात कोणी घुसलं तर फोन उचलणारं कोणी नाही. तेव्हा प्रत्येकाने आपली राखण आपणच करायची. इथपर्यंत दोन्ही भावंडांचं एकमत आहे.

पुढची पायरीही दोघांना मान्य आहे. तिला सुरक्षेचा पेच म्हणतात. जॉन हर्झ नावाच्या अभ्यासकाने १९५० मध्ये ती मांडली. समजायला पुस्तकाची गरज नाही. दंगलीची अफवा उठलेली रात्र आठवा. एका मोहल्ल्यातले लोक घाबरून गच्चीवर विटा नेऊन ठेवतात. समोरच्या वस्तीतल्या लोकांना त्या विटा दिसतात, त्यामागची भीती दिसत नाही. मग तेही लाठ्या काढतात, आणि त्या लाठ्या बघून इकडच्यांना वाटतं, बरं झालं आपण विटा आणल्या. दोन्हीकडे हल्ला करायची इच्छा असलेला एकही माणूस नसला तरी पहाटेपर्यंत दोन्हीकडे हल्ल्याची तयारी झालेली असते.

फाटा फुटतो तो यानंतर. समोरच्याच्या मनात काय आहे हे कळत नसेल, तर शहाण्याने करायचं काय?

केनेथ वॉल्ट्झ यांचं १९७९ चं पुस्तक बचावात्मक वास्तववादाचा पाया मानलं जातं. त्यांचं म्हणणं असं की देशांना मुळात टिकून राहायचं असतं. ताकद हे त्याचं साधन आहे, आणि साधन जसं कमी पडून चालत नाही तसं जास्त होऊनही चालत नाही. एखादा देश फार मोठा होऊ लागला की बाकीचे घाबरून एकत्र येतात आणि त्याची सुरक्षितता होती त्यापेक्षा कमी होते. म्हणून शहाणा देश पुरेशा ताकदीवर थांबतो. जॉन मिअरशायमर यांनी २००१ च्या पुस्तकात याच्या उलट मांडणी केली, तो आक्रमक वास्तववाद. ते विचारतात, पुरेसं म्हणजे किती? आज पुरणारी ताकद वीस वर्षांनी पुरेल का, हे कोण सांगणार? आज मैत्री असलेल्या शेजाऱ्याचं उद्याचं सरकार कसं असेल, हे कोण सांगणार? सांगता येत नसेल तर संधी मिळेल तेव्हा वाढत राहणं आणि आपल्या भागात आपल्या तोडीचं कोणी उरू न देणं, हाच एकमेव भरवशाचा बचाव. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, मिअरशायमर देशांना हावरट म्हणत नाहीत. त्यांच्या मते भीतीच देशाला हावरटासारखं वागायला लावते. म्हणून तर त्यांनी पुस्तकाच्या नावात शोकांतिका हा शब्द घातला.

आता हे सगळं हवेत राहू नये म्हणून एकच प्रसंग घेतो. मला तो फार आवडतो, कारण हे दोन सिद्धांत जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्यात हाच वाद दोन सरकारी नोकरांनी लेखी घातला होता.

१ जानेवारी १९०७. लंडनच्या परराष्ट्र खात्यात आयर क्रो नावाचा एक वरिष्ठ अधिकारी एक लांबलचक टिपण सादर करतो. विषय : जर्मनीला नेमकं काय हवं आहे?

हा प्रश्न का पडला ते आधी सांगतो. १८९८ आणि १९०० मध्ये जर्मनीने कायदे करून मोठं आरमार बांधायला घेतलं. त्यामागे अॅडमिरल टिर्पिट्झ होते. जर्मनीकडे युरोपातलं सर्वांत जबरदस्त लष्कर आधीच होतं, आणि पोलादाच्या उत्पादनात तिने ब्रिटनला मागे टाकलं होतं. ब्रिटनचं सगळं वेगळं. ते बेट, अन्न बाहेरून जहाजांनी येणार, लष्कर लहान. ब्रिटनचं आरमार हरलं तर लंडन उपाशी मरणार. जर्मनीचं आरमार हरलं तरी बर्लिनला तातडीचा धोका नव्हता. एकच वस्तू, पण एकासाठी ती श्वास होती आणि दुसऱ्यासाठी निवड. १९०५ मध्ये कैसर विल्हेल्म स्वतः मोरोक्कोतल्या टँजियर बंदरात उतरले आणि तिथल्या सुलतानाच्या स्वातंत्र्याची भाषा बोलून त्यांनी फ्रान्सला आव्हान दिलं. हेतू होता ब्रिटन आणि फ्रान्सची १९०४ मध्ये झालेली दोस्ती तोडायचा. झालं उलटंच. १९०६ च्या परिषदेत जर्मनी जवळजवळ एकटी पडली आणि ती दोस्ती आणखी घट्ट झाली.

(हेच कैसर १८९८ मध्ये दमास्कसला सलाहुद्दीन अय्युबींच्या कबरीवर गेले होते आणि आपण जगातल्या तीस कोटी मुसलमानांचे मित्र आहोत असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या मैत्रीचा हिशेब पुढे मेसोपोटेमियात चुकता झाला. १९१६ मध्ये कूत इथे जर्मनीच्या दोस्त तुर्कांपुढे शरण आलेल्या ब्रिटिश-हिंदी तुकडीचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. आपल्या भागातली माणसं उपासमार सोसत त्या वेढ्यात होती. हे विषयांतर आहे, पण कुणाची धार्मिक सहानुभूती ऐकली की मला आधी कूत आठवतं.)

तर क्रो यांचं टिपण. त्यांनी शक्यता दोन मांडल्या. पहिली, जर्मनी जाणूनबुजून युरोपवर आणि समुद्रावर वर्चस्व मिळवायला निघाली आहे. दुसरी, तिची तशी काही ठरलेली योजना नाही. एका वाढत्या देशाची ही धडपड आहे, व्यापार, वसाहती, मान, आणि त्यामागे गोंधळलेलं, दिशाहीन धोरण. कोणती खरी, हे कागदपत्रांवरून सांगता येत नाही असं त्यांनी प्रांजळपणे लिहिलं. मग ते त्या वाक्यावर आले ज्यासाठी हे टिपण आजही शिकवलं जातं. त्याचा आशय असा की ब्रिटनला या दोहोंत निवड करायची गरजच नाही. योजना नसली तरी जगातलं सर्वांत मोठं लष्कर आणि सर्वांत मोठं आरमार एकाच हातात आलं तर धोका तोच. शिवाय आज योजना नसलेला देश ताकद आल्यावर ती आखू शकतो.

हे मिअरशायमर यांच्या चौऱ्याण्णव वर्षं आधीचं मिअरशायमर आहे. हेतू कळत नाहीत, बदलू शकतात, तेव्हा हेतू मोजू नका, जहाजं मोजा.

क्रो हा माणूस कोण होता हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांचा जन्म लाइपझिगचा, आई जर्मन, शिक्षण जर्मनीत, बायकोही जर्मन. जर्मनीविषयी एवढं कडक लिहिणाऱ्या या अधिकाऱ्यावर महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रजी वर्तमानपत्रांतून जर्मन रक्ताचा म्हणून चिखलफेक झाली. देशाच्या हेतूंबद्दल संशय घेण्याचं शास्त्र ज्याने मांडलं, त्याच्याच निष्ठेवर रक्त बघून संशय घेतला गेला. या सभागृहात त्यावर अधिक बोलायची गरज नाही.

टिपण परराष्ट्रमंत्री ग्रे यांना पसंत पडलं आणि त्यांनी ते पंतप्रधानांना व काही सहकाऱ्यांना दाखवलं. पण एका माणसाला ते पटलं नाही. थॉमस सँडरसन, त्याच खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले प्रमुख सचिव. फेब्रुवारीत त्यांनी उत्तर लिहिलं. त्यांचं म्हणणं, जर्मनी हा उशिरा घडलेला, आडदांड, पण बोलता येण्याजोगा देश आहे. क्रो यांनी जर्मनीच्या प्रत्येक कुरबुरीत कट शोधला आहे. आणि जरा आरशात बघा. बाहेरच्या माणसाला ब्रिटिश साम्राज्य कसं दिसत असेल? जगभर हातपाय पसरून पडलेला एक राक्षस, त्याची सगळी बोटं दुखरी, आणि कोणी जवळून गेलं तरी ओरडणारा. क्रो यांनी त्या उत्तराच्या समासात ठिकठिकाणी आपली प्रत्युत्तरं लिहून ठेवली. ते कागद पुढे सरकारनेच छापले, त्यामुळे दोन साहेबांचं ते भांडण आज कुणालाही वाचता येतं.

सँडरसन यांच्या उत्तरात बचावात्मक वास्तववाद्यांचा मुख्य मुद्दा आहे. घाबरलेला देश आणि गिळायला निघालेला देश यांना तुम्ही एकच वागणूक दिलीत, तर घाबरलेल्याला शांत होण्याचा रस्ता उरत नाही. आणि १८८९ पासून ब्रिटनचा नियम काय होता? आपलं आरमार आपल्यानंतरच्या दोन मोठ्या आरमारांच्या बरोबरीचं हवं. ब्रिटिशांच्या डोक्यात हा बचाव होता. बर्लिनमधून तो कसा दिसत असेल?

मग हेतू ओळखायचा काही उपाय नाहीच का? रॉबर्ट जर्व्हिस यांनी १९७८ मध्ये याचं एक चांगलं उत्तर दिलं. कधी कधी शस्त्राच्या घडणीवरून ते कशासाठी आहे हे कळतं. किल्ला चालत जाऊन कुणावर हल्ला करत नाही. बचावाचं आणि हल्ल्याचं शस्त्र वेगळं ओळखू येत असेल आणि बचाव स्वस्त पडत असेल, तर सुरक्षेचा पेच सैल होतो. ज्याला फक्त राखण करायची तो किल्ले बांधेल आणि शेजारी निश्चिंत झोपेल. पण शस्त्र दोन्ही कामांचं असेल तर पेच घट्ट बसतो.

ही कसोटी टिर्पिट्झ यांच्या आरमाराला लावा. युद्धनौका दोन्ही कामांची असते, तेव्हा नुसती जहाजं मोजून काही कळत नाही. पण एक गोष्ट कळण्याजोगी होती. वसाहती आणि दूरचा व्यापार राखायचा असता तर लांब पल्ल्याची, महिनोन्‌महिने समुद्रावर राहू शकणारी जहाजं हवी होती. जर्मन युद्धनौकांचा पल्ला कमी, खलाशांना राहायची जागा अडचणीची, चिलखत मात्र भक्कम. म्हणजे त्या उत्तर समुद्रात, घराजवळ लढण्यासाठी घडवलेल्या होत्या, आणि तिथे लढायचं तर समोर मुख्यतः ब्रिटनच होतं. टिर्पिट्झ यांच्या १८९७ च्या गुप्त टिपणात इंग्लंड हाच समुद्रावरचा सर्वांत धोकादायक शत्रू आणि हेलिगोलंड बेट ते टेम्स नदी हे लढाईचं क्षेत्र असं स्पष्ट लिहिलेलं होतं. क्रो यांना ते टिपण माहीत नव्हतं. त्यांचा अंदाज एवढ्यापुरता बरोबर ठरला.

पण लगेच क्रो जिंकले असं म्हणू नका. टिर्पिट्झ यांचा हिशेब ब्रिटनला बुडवण्याचा नव्हता. आपलं आरमार एवढं मोठं करायचं की ते बुडवताना ब्रिटनचीही इतकी जहाजं जातील की मग तिसराच कोणीतरी ब्रिटनवर चढाई करेल. या धास्तीने ब्रिटन आपल्याशी जमवून घेईल. म्हणजे हा एक धाक होता. याला बचाव म्हणायचं की दादागिरी? मी कितीतरी वेळा हे वाचलं आहे आणि दर वेळी माझं मत थोडं हलतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. १९०६ मध्ये ब्रिटनने ड्रेडनॉट ही नवी युद्धनौका पाण्यात सोडली. तिच्यापुढे जुन्या सगळ्या युद्धनौका निकामी वाटू लागल्या, खुद्द ब्रिटनच्यासुद्धा. पेचाचं याहून चांगलं उदाहरण नाही. आघाडी पक्की करायला केलेल्या गोष्टीने शर्यतीची रेघ पुन्हा आखली गेली. १९०८ मध्ये जर्मनीने दरवर्षी चार मोठ्या जहाजांचा वेग धरला. १९०९ मध्ये लंडनमध्ये घबराट पसरली आणि सरकारने एका वर्षात आठ जहाजांना मंजुरी दिली. दरम्यान १९०७ मध्ये ब्रिटनने आपला जुना वैरी रशियाशीही समझोता केला होता. जर्मनीला वेढल्यासारखं वाटू लागलं, आणि तो वेढा तिच्याच जहाजांनी विणला होता.

वॉल्ट्झ यांच्या बाजूचे लोक इथे बोट ठेवतात. बघा, ताकद वाढवली आणि सुरक्षितता घटली. पण मग त्यांनाच अवघड प्रश्न येतो. जर्मनी शहाणी असती तर थांबली असती, ती का थांबली नाही? जॅक स्नायडर यांचं उत्तर जर्मनीच्या पोटात शिरतं. पूर्वेकडच्या राय धान्याच्या जमीनदारांना आयात धान्यावर जकात हवी होती, पश्चिमेकडच्या पोलाद कारखानदारांना आरमार हवं होतं. दोघांनी एकमेकांना पाठिंबा दिला. जकातीने रशिया दुखावला, आरमाराने ब्रिटन, आणि हे सगळं खपवायला देश वेढला गेल्याची आरोळी सोयीची होती. मला हे स्पष्टीकरण पटतं. पण त्याची किंमतही मोजली पाहिजे. देशाच्या आत डोकावायचं नाही, फक्त बाहेरची रचना बघायची, असं म्हणणारा सिद्धांत अडचणीत आल्यावर खिडकी उघडून आत डोकावतो.

आक्रमक वास्तववादाचीही अशीच एक दुखरी जागा आहे, ती म्हणजे १९०५. त्या वर्षी रशियाचा जपानने मुकदेन आणि त्सुशिमाला पराभव केला होता आणि घरात क्रांती पेटली होती. फ्रान्सचा एकमेव मोठा मित्र आडवा पडला होता. ब्रिटनचं लष्कर युरोपात उतरण्याच्या स्थितीत नव्हतं. संधी मिळताच वर्चस्व घ्यायचं हा नियम खरा असेल तर जर्मनीने तेव्हाच फ्रान्सवर चालून जायला हवं होतं. ती गेली नाही. नऊ वर्षांनी, रशिया सावरल्यावर आणि ब्रिटन फ्रान्सच्या बाजूला आल्यावर, म्हणजे हिशेबाने वाईट वेळी गेली. निव्वळ ताकदीच्या गणितात हे बसवणं कठीण आहे. भीतीच्या गणितात ते जास्त सहज बसतं, कारण १९१४ च्या जर्मन सेनापतींना रशिया दरवर्षी बलवान होताना दिसत होता आणि आज नाही तर कधीच नाही असं त्यांना वाटत होतं.

शेवटी १९१२ चा फेब्रुवारी. ब्रिटनचे युद्धमंत्री हॉल्डेन बर्लिनला गेले, शर्यत थांबवता येते का बघायला. जर्मनीने सांगितलं, आम्ही वेग कमी करू, पण आम्ही युद्धात सापडलो तर तटस्थ राहू असं आधी लिहून द्या. ब्रिटनने नकार दिला आणि बोलणी फिसकटली. आता ही एकच मागणी दोघांच्या चष्म्यातून बघा. सँडरसन यांच्या चष्म्यातून हा दोन बाजूंनी दाबला गेलेला देश आहे, निदान तिसऱ्या बाजूने वार होणार नाही एवढी हमी मागतो आहे. क्रो यांच्या चष्म्यातून हा देश ब्रिटनला बाजूला बसवून फ्रान्स आणि रशियाला एकेकटं गाठायची सोय करतो आहे. कागदावरचे शब्द तेच आहेत. आणि ब्रिटनची अडचण अशी की दुसरा अर्थ खरा निघाला तर चूक सुधारायला पुन्हा संधी मिळणार नव्हती.

म्हणून त्या तरुण साथीला माझं उत्तर असं, की भीती की हाव हा प्रश्न मनाचा नाही, चुकीच्या किमतीचा आहे. समोरच्यावर विश्वास ठेवून फसलो तर किती गमवावं लागेल, आणि संशय घेऊन चुकलो तर किती? पहिली चूक देश संपवते असं ज्याला वाटतं तो क्रो यांच्याबरोबर जातो. दुसरी चूकही तेवढीच महाग आहे, ती फक्त हप्त्याहप्त्याने वसूल होते, असं ज्याला वाटतं तो सँडरसन यांच्याबरोबर. मी बहुतेक वेळा सँडरसन यांच्या बाजूला असतो. पण समुद्र किती रुंद आहे, शस्त्र कशासाठी घडवलं आहे, बोलणी फसली तर सावरायला किती वेळ आहे, हे बघितल्याशिवाय ती बाजू घेऊ नये. १९१२ च्या लंडनमध्ये मी असतो तर ती घेऊ शकलो असतो की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तुमचे प्रश्न असतील ते आता घेऊ.